दहावीच्या निरोपाचं गाणं: महिनाभराच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

निरोप समारंभ ३१ जानेवारीला ठरला. बोर्डाची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीपासून आहे, त्याआधी तोंडी आणि प्रात्यक्षिकं, त्यामुळे याच्या पुढे तारीख ढकलता येत नाही. रिवाजाप्रमाणे समारंभ नववीने करायचा. मी नववीची वर्गशिक्षिका, मराठी शिकवते आणि पेटी वाजवते, म्हणून गाणी माझ्याकडे आली.

आमची शाळा संगमेश्वर तालुक्यात, गावाबाहेरच्या सड्यावर. नववीत ४१ मुलं, दहावीत ३७. सामान म्हणजे शाळेची पेटी, एक तबला-डग्गा, एक ढोलकी. सराव साडेचारला शाळा सुटल्यावर, आणि पाच दहाची एसटी चुकवायची नाही. म्हणजे दिवसाला जेमतेम अर्धा तास.

दरवर्षी मोबाइलवर ट्रॅक लावून चार तयार गाणी म्हटली जातात. गेल्या वर्षी तिसऱ्या गाण्यापासून समोरच्या मुली हमसाहमशी रडत होत्या आणि मुलगे कंटाळून मागे बडबडत होते. यंदा मुलांनीच सांगितलं, "बाई, आपलं गाणं करू. पण रडकं नको." मग "नुसता धिंगाणापण नको," असंही म्हणाली. या दोन अटी लिहून ठेवल्या.

८ जानेवारी, बुधवार

काल रात्री बसून सोळा ओळी लिहिल्या. कंठ दाटला, पाखरं उडाली, आठवणींचा झुला हलला, सगळं यमकात बसलं. आज वर्गात वाचून दाखवलं तर मुलं शांतपणे ऐकत राहिली. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, छान आहे. पण हे कुठल्याही शाळेचं आहे."

तिचं बरोबर होतं. त्या सोळा ओळींत आमच्या शाळेतलं काहीच नव्हतं. कागद बाजूला ठेवला आणि सगळ्यांना एकेक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर दोनच प्रश्न होते: दहावीच्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने तुझं काय पळवलं होतं, की तू त्यांचं पळवलंस? आणि जूनमध्ये तुला शाळेत कुठली जागा रिकामी दिसेल?

"तुला काय आठवतं?" असं विचारलं असतं तर पुन्हा झुलाच आला असता. काय पळवलं म्हटल्यावर पोळी आली, कंपासपेटीत मिठात घोळवून ठेवलेली चिंच आली, एका पायाची चप्पल आली. रिकाम्या जागेत अकरा जणांनी एकच उत्तर लिहिलं होतं: खिडकीजवळचा बाक, ज्याच्यावर कर्कटकाने नावं कोरलेली आहेत.

१० जानेवारी, शुक्रवार

चिठ्ठ्या वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. जिन्यावरून धावत वर्गात शिरणं आणि हजेरीत आपलं नाव निघून जायच्या आत "हजर बाई" ओरडणं. गाणं तिथेच सापडलं. हजेरीचंच गाणं करायचं. गाणारे ओळ म्हणतील आणि बाकीचे ओरडून हजेरी देतील. आठ अक्षरांची ओळ घेतली, कारण ती मुलांच्या तोंडात आपोआप बसते.

घंटा झाली, पळा पळा,
जिना सारा दणाणला,
बाई वही उघडती,
कोण आला, कोण गेला?
(सगळे) हजर! हजर! हजर बाई!

डब्यातली तुझी पोळी
माझ्या हाती कशी आली?
कंपासात लपवली
चिंच सांग कुणी खाल्ली?
(सगळे) हजर! हजर! हजर बाई!

चिंचेच्या ओळीवर "हजर" आलं तेव्हा वर्ग खो खो हसला. ही ओळ आता कुणालाही बदलू द्यायची नाही असं ठरवलं. पुढचं कडवं खिडकीच्या बाकाचं:

खिडकीचा बाक तोच,
त्यावर तुमची नावे,
आम्ही तिथे बसू तेव्हा
सांगा, कुणा विचारावे?

या कडव्यानंतर "हजर" ओरडायचं नाही, हे मुलांनीच ठरवलं.

१३ जानेवारी, सोमवार

चाल. निरोप म्हणजे भैरवी, या सवयीने मी भैरवीत बसवली. दोन दिवस फुकट गेले. पहिली अडचण सुरांची: कोमल स्वर चाळीस मुलांच्या तोंडी एकसारखे लागत नाहीत, कुणी चढतं, कुणी उतरतं, आणि समूहात ते फार उघडं पडतं. दुसरी अडचण जास्त मोठी होती. भैरवीत "घंटा झाली, पळा पळा" म्हटलं की पहिल्याच ओळीला कार्यक्रम संपल्यासारखा वाटतो. जिना दणाणतच नाही.

चाल टाकली आणि पहाडीच्या अंगाने नवी बांधली. शुद्ध स्वर, सोपी वळणं. हसरी ओळही त्यात बसते आणि बाकाचं कडवंही, फक्त दुसऱ्यात खालच्या सुरांवर जास्त थांबायचं. उद्या संक्रांत, सराव नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुरापासून गायचं ते, ठरवण्यात आजचा पूर्ण वेळ गेला. नववीतल्या मुलग्यांचा आवाज फुटत असतो, हे मला माहीत होतं, पण गाणं बांधताना मी ते विसरले. अंतरा तार गंधारापर्यंत नेला होता. काळी चारला मुली झकास गायल्या, पण मुलगे एक सप्तक खाली उतरले तर त्यांना मुखड्याचा षड्जच लागेना, नुसती घरघर. काळी एकला मुलग्यांचा षड्ज लागला, पण तार गंधाराला ते अडकले आणि मुली किंचाळायला लागल्या.

पट्टी बदलून हे सुटत नाही. गाण्याचा पल्लाच कमी करावा लागतो. अंतऱ्याची चाल मोडली आणि सगळं गाणं मंद्र पंचम ते मध्य धैवत एवढ्यातच बसवलं. मग पांढरी चार घेतली. मुली वर, मुलगे एक सप्तक खाली, दोघांनाही शेवटचा सूर बिनत्रासाचा लागला.

तरी सहा मुलगे उरले, ज्यांचा आवाज एका ओळीत दोनदा तुटतो. त्यातला एकजण म्हणाला, "मी नुसतं तोंड हलवतो बाई." मला ते पटलं नाही. त्या सहाजणांना "हजर" दिलं. ओरडायला पट्टी लागत नाही, आणि फुटका आवाज तिथे उलट शोभतो. आता ते सगळ्यात आधी सरावाला येऊन बसतात.

१८ जानेवारी, शनिवार

आज ९०० रुपयांचं नुकसान झालं आणि ते माझ्यामुळे.

शाळेचा तबला काळी एकचा. गाणं पांढरी चारला गेल्यावर मी तबला वाजवणाऱ्या मुलाला सांगितलं, चढव. तो गट्टे ठोकत गेला, मग मी हातोडी घेतली आणि गजऱ्यावर वरून ठोकत राहिले. काळी एकपासून पांढरी चार म्हणजे चार पट्ट्या वर. एवढं मोठं तोंड असलेला तबला तेवढा चढतच नाही. शाईच्या कडेला चर्र आवाज झाला आणि पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं कातडं, फाटली. त्या मुलाने तबल्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. तबला त्याच्या आजोबांनी शाळेला दिलेला आहे.

त्याच संध्याकाळी देवरुखला नेऊन पुडी बदलून घेतली. तिथल्या कारागिरांनी जे सांगितलं ते मला आधी सुचायला हवं होतं: तबला षड्जातच हवा असं नाही, पंचमात लावा. पांढरी चारचा पंचम म्हणजे पांढरी एक, आणि ती काळी एकपेक्षा अर्ध्या सुराने खालीच आहे. चढवायचं काहीच नव्हतं, गजऱ्यावर खालून हलके ठोके देऊन थोडा उतरवायचा होता. आता तो पंचमात लावलाय आणि पेटीबरोबर गोड बोलतो.

ज्यांच्याकडे एकच तबला आहे त्यांनी पट्टी ठरवतानाच त्याचा सूर बघून घ्यावा.

२२ जानेवारी, बुधवार

लय. मोबाइलमधल्या मेट्रोनोमवर मिनिटाला ७२ टाळ्यांनी सुरुवात केली होती. एका ओळीला चार टाळ्या. शब्द स्पष्ट येत होते, पण मुलं दमल्यासारखी गात होती. १०४ ला आणल्यावर चाळीस पाय आपोआप हलायला लागले.

बाकाच्या कडव्याला मी लय खाली घेतली होती, भाव यावा म्हणून. दोन गोष्टी बिघडल्या. खाली आलेली लय पुन्हा वर जाईना, मुखडा आला की अर्धी मुलं ७२ वर आणि अर्धी १०४ वर. आणि लय खाली गेली की मुलं सूर ओढून रडका करत, जे त्यांनाच नको होतं.

आज लय तशीच १०४ ठेवली आणि सामान काढून घेतलं. खिडकीच्या ओळीला ढोलकी बंद, टाळ्या बंद, फक्त पेटी आणि डग्ग्यावर एकेक बोट. लय चालू आहे, पण ज्या टाळ्यांवर आपण इतका वेळ नाचत होतो त्या अचानक नाहीत. मुलं आपोआप हळू आवाजात गायली. शिपाईकाका कुलूप घेऊन दारात उभे होते. कडवं संपेपर्यंत त्यांनी किल्ल्या हातात घट्ट धरून ठेवल्या होत्या, वाजू नयेत म्हणून.

२४ जानेवारी, शुक्रवार

दुसरं छोटं गाणंही केलं आहे, त्याची नोंद राहिली होती. सुरुवातीला दहावीच्या सगळ्यांची नावं त्याच लयीत घ्यायची, एका ओळीत दोन, आणि प्रत्येक नावापुढे एक चेष्टेचा शब्द. १०४ च्या लयीत एक ओळ सव्वादोन सेकंदांची, म्हणजे ३७ नावं पाऊण मिनिटात होतात. त्यापेक्षा लांबलं तर नाव न आलेल्यांची चुळबुळ सुरू होते.

यात दोन चुका झाल्या. मुलांनी नावं आठवून लिहिली आणि ३६ च भरली. जूनमध्ये दुसऱ्या शाळेतून आलेली एक मुलगी राहून गेली होती. नावं कॅटलॉगवरूनच घ्यावीत, आठवून नाही. कॅटलॉगच्या क्रमाने घेतली तर कुणाचं आधी, कुणाचं नंतर हा वादही राहत नाही.

दुसरी चूक जास्त लागली. एका मुलाच्या नावापुढे मुलांनी "उशीरलतीफ" लिहिलं होतं. मी हसून होकार दिला होता. आज त्याची धाकटी बहीण, जी नववीतच आहे, सराव संपल्यावर थांबली. म्हणाली, "बाई, दादा सकाळी दूध घालून येतो ना, म्हणून उशीर होतो." तीन वर्षं मी त्याच्या नावापुढे उशिराची खूण करत होते आणि एकदाही विचारलं नव्हतं.

चेष्टेचे सगळे शब्द काढले. आता नुसती नावं आहेत, हजेरीत घेतो तशी, आणि आधी ठरवलेल्या शब्दांपेक्षा ती जास्त आनंदाने म्हटली जातात. त्याच्या बहिणीला मी विचारलं, दादाचं नाव तू घेशील का. ती हो म्हणाली.

२७ जानेवारी, सोमवार

प्रजासत्ताक दिनाच्या कवायतीमुळे शनिवारचा सराव बुडाला. आज बाकाचं कडवं एकटी गाणारी मुलगी तिसऱ्या ओळीला थांबली. तिची मोठी बहीण दहावीत आहे. गळा दाटला की सूर लागतच नाही, कितीही तयारी असो. "रडू नकोस" म्हणून उपयोग नव्हता, म्हणून मांडणी बदलली.

कडवं एकटीकडून काढून तिघींना दिलं, पण ओळी वाटून नाही. तिघीही सगळं म्हणतील, म्हणजे एक थांबली तरी दोघी चालू राहतात आणि ऐकणाऱ्याला खळ पडत नाही. "विचारावे" हा शब्द चालीत धैवतावर चढत होता. रडू येत असताना चढा सूर आधी तुटतो. तो मोडून षड्जावर उतरवला. आणि समोर बहिणीकडे न बघता मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं. आज तीन वेळा म्हटलं, तीनही वेळा पूर्ण झालं.

२९ जानेवारी, बुधवार

शेवट अजून नव्हता. चिंचेसारखी एखादी हसरी ओळ घालून मुखड्यावर संपवत होतो, पण ते नुसतं थांबल्यासारखं वाटत होतं. आज तबलावाला मुलगा म्हणाला, "बाई, शेवटी त्यांची हजेरी घेऊ. कुणीच हजर म्हणायचं नाही." वर्ग एकदम गप्प झाला. तिथेच फळ्यावर लिहिलं:

घंटा झाली, वर्ग भरे,
जिना जरा गप्प झाला,
बाई वही उघडती,
दहावीचा कोण आला?

यानंतर केरव्याची दोन आवर्तनं पूर्ण शांतता, म्हणजे साधारण साडेचार सेकंद, मग तबल्याची उठान आणि पूर्ण वेगात पहिला मुखडा, सगळ्यांचा "हजर" धरून. शांततेनंतर मुखडा येणारच. रडवून सोडायचं नाही, हे सहा तारखेला ठरलं होतं.

साडेचार सेकंद ऐकायला थोडे वाटतात. मुलांना ते निघेनात, कुणीतरी खाकरायचं, कुणी हसायचं. मग सगळ्यांना मनातल्या मनात आठ टाळ्या मोजायला सांगितल्या. चौथ्या वेळी जमलं.

३० जानेवारी, गुरुवार

साउंडवाल्याने २,८०० रुपये घेतले, दोन माइक आणि दोन बॉक्स. आमचं सभागृह पत्र्याचं, त्यामुळे आवाज घुमतो. त्याने बॉक्स गाणाऱ्यांच्या मागे लावले आणि माइक चालू केल्याबरोबर शिट्टी वाजली. बॉक्स माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवल्यावर शिट्टी गेली. एक माइक तिघींपुढे, एक पेटीपुढे, तबल्याला नाही. पत्र्याखाली तबला तसाच पुरतो.

"हजर" माइकमध्ये ओरडलं की नुसता फाटका आवाज येत होता. म्हणून ते सहाजण आता मंचावर नाहीत. दोन दाराशी, दोन खिडक्यांशी, दोन प्रेक्षकांच्या मागे. हजेरी सगळीकडून येते, वर्गात येते तशी.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज झालं. रात्री लिहिते आहे.

दहावीतला एक मुलगा तापाने आला नव्हता. नावांच्या गाण्यात त्याचं नाव आलं तेव्हा त्याच्या बाकावरच्या मित्राने बसल्या जागेवरून जाडा आवाज काढून "हजर" दिलं, जसं तो वर्षभर देत आला असेल. सगळं सभागृह हसलं, मुख्याध्यापकही. दूध घालणाऱ्या मुलाचं नाव त्याच्या बहिणीने घेतलं. त्याने मान खाली घातली, पण हसत होता.

चिंचेला हशा आला. बाकाच्या कडव्याला टाळ्या आपोआप थांबल्या. तिघींपैकी एकीचा आवाज दुसऱ्या ओळीला गेला, दोघींनी ओळ नेली, ती चौथ्या ओळीला परत आली.

मग "दहावीचा कोण आला?" म्हटलं आणि सगळे थांबलो. मी मनात टाळ्या मोजत होते. पाचव्या टाळीला पहिल्या रांगेतून एक मुलगी अगदी हळू म्हणाली, "हजर बाई." जूनमध्ये आलेली ती. मग मागून एक, मग खिडकीकडून दोन, कुणाचा घोगरा, कुणाचा भिजलेला, एकत्र नाही, एकेक. आमच्या सहाजणांपैकी कुणीही तोंड उघडलं नव्हतं. हे ते स्वतः देत होते.

आठ टाळ्या कधीच होऊन गेल्या होत्या. तबलावाल्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली नाही, आणि त्याने हात मांडीवरच ठेवला. शेवटचं "हजर" येऊन गेल्यावर त्याने उठान घेतली. मुखडा तेव्हा दहावी आणि नववी मिळून म्हटला, आणि तो १०४ वर नक्की नव्हता, बराच वर होता.

खर्च: पुडी ९००, साउंड २,८००, झेरॉक्स ८०. पुढच्या वर्षी कुणी हे गाणं घेतलं तर शांतता दोन आवर्तनांची ठेवू नका. आवर्तनं मोजूच नका. तबल्यावर असा मुलगा बसवा ज्याला समोर बघून थांबता येतं.